कॅलेंडरवरचा दुधाचा हिशोब आणि मोबाईलची मिनिटं

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात. दीड लिटर, एक लिटर, खाडा असेल तर फुली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी त्याच चौकोनांच्या खालच्या कोपऱ्यात लाल पेनने अजून एक आकडा लिहायला लागले, धाकटीने त्या दिवशी किती मिनिटं स्क्रीन बघितला त्याचा.

झालं असं की तिचं वजन वाढत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. सव्वातीन वर्षांची, वजन १२ किलो. डॉक्टरांनी तक्ता काढून दाखवला, म्हणाल्या खालच्या रेषेजवळ आहे पण रेषा सोडलेली नाही, काळजी नको. मग विचारलं, जेवते कशी? मी म्हटलं मोबाईल लावला की जेवते. दिवसाला किती बघते मोबाईल? मी म्हटलं तासभर असेल. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अंदाज नको, आठवडाभर लिहून आणा. तुम्ही दिलेला, आजीने दिलेला, बाबांनी दिलेला, सगळा."

आठवडाभर लिहिलं. रोजची सरासरी तीन तास निघाली. मला खरंच धक्का बसला, कारण मी काही खोटं बोलले नव्हते, मला मनापासून तासभरच वाटत होतं. एकेकाने दिलेली वीस-वीस मिनिटं प्रत्येकाला वेगवेगळी आठवतात, बेरीज कुणीच करत नाही. बुधवारचा हिशोब अजून पाठ आहे: सकाळच्या नाश्त्याला २० मिनिटं, दुपारच्या जेवणाला ४०, झोपण्याआधी १५, संध्याकाळी माझ्या पोळ्या होईपर्यंत ४५, रात्रीच्या जेवणाला ४५, आणि अंथरुणात परत १५. एकूण १८०. त्यातली नाश्ता आणि दोन जेवणं धरून १०५ मिनिटं, म्हणजे अर्ध्याहून जास्त, ताटासमोर गेली होती. आणि ती तिने मागितलेली नव्हती, आम्ही आपणहून दिलेली होती.

तेव्हा मी बसून नियम नीट वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या त्यात एक वर्षापर्यंत स्क्रीन अजिबात नाही, दोनपर्यंतही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर बरंच. आपल्याकडे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सूचना छापल्या त्याही जवळपास तशाच आहेत, दोन वर्षांपर्यंत शून्य, अधूनमधून नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास आणि तोसुद्धा एका बैठकीत नाही, एका वेळी २० ते ३० मिनिटं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आत. दहाच्या पुढे त्यांनी आकडा दिलेलाच नाही.

मला यातलं सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेचा तो कागद मुळात स्क्रीनबद्दलचा नाहीच, तो मुलाच्या २४ तासांबद्दल आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी (दुपारची धरून), दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी आणि त्यातला एक तास चांगला दम लागेल असा. हे सगळं बसवून झाल्यावर स्क्रीनला जागा किती उरते तो प्रश्न. मी धाकटीचा दिवस मांडून बघितला. झोप ११ तास, बालवाडी जाऊन येऊन साडेतीन, तीन वेळचं खाणं-पिणं अडीच, आंघोळ-शी-शू-कपडे एक. उरले सहा. ताटासमोरचा स्क्रीन खाण्याच्या वेळात धरलेलाच आहे, तरी बाकीचा सव्वा तास यातून गेला तर खेळायला, बागेत जायला, आजोबांच्या मागे मागे फिरायला, नुसतं रिकामं बसायला सगळे मिळून पावणेपाच राहतात, आणि ते पण तुकड्यातुकड्यात. ती वस्तू घेऊन दोन मिनिटं बसायची आणि सोडून द्यायची, आणि आम्ही म्हणायचो हिचं लक्षच लागत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते कारण मला ती कळल्यावर उलट बरं वाटलं. हा एक तासाचा आकडा काही प्रयोगशाळेत मोजून काढलेला नाही. त्याच सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की शिफारस ठाम आहे पण तिच्यामागचा पुरावा फार कमी दर्जाचा आहे. ६० मिनिटं सुरक्षित आणि ७० धोक्याची असं काही नसतं. म्हणून एखाद्या दिवशी सव्वा तास झाला तर मी अपराधी वाटून घेत नाही, पण रोजचा सव्वा तास चढत चढत दोन होतोय का ते मात्र बघते, आणि ते कॅलेंडरवर लगेच दिसतं.

सुरुवात ताटापासून केली. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. जेवण अर्ध्या तासात संपवायचं, खाल्लं तर खाल्लं, नाही तर न रागावता ताट उचलायचं. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये बिस्किट नाही, चिवडा नाही, फक्त पाणी. आणि दूध कमी करायचं, कारण आमची बाई दिवसाला तीन कप म्हणजे ७०० मिली दूध पीत होती आणि त्यातच तिचं पोट भरत होतं, ते ४००-५०० वर आणायचं. जास्त दुधाने भूक तर मरतेच, वर लोह पण कमी पडतं.

पहिल्या रात्री वरणभाताचे दोन घास खाल्ले आणि मोबाईल मोबाईल करत रडली. अर्ध्या तासाने मी ताट उचललं. नवरा म्हणाला अगं आजच्या दिवस दे ना, एवढी रडतेय. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा दिसत होता, त्यांच्या पिढीत पोराने उपाशी झोपणं म्हणजे घरावर आलेलं संकट. मी त्यांना म्हटलं, "आई, चार दिवस द्या मला फक्त, वजन करू आपण, कमी झालं तर मी स्वतः लावीन मोबाईल." दुसऱ्या दिवशी दुपारी तिने काहीच खाल्लं नाही आणि चार वाजता वाटीभर उपमा स्वतःच्या हाताने संपवला, असं मी कधी बघितलंच नव्हतं. तिसरा दिवस सगळ्यात वाईट, दोन्ही जेवणं रडण्यात गेली. पाचव्या दिवशी गूळ-तूप लावून एक पोळी. पूर्ण नीट व्हायला दोन आठवडे लागले, आणि महिन्याने वजन केलं तर दोनशे ग्रॅम वाढलेलं होतं.

त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली जी आधी रोज डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. मोबाईल बघत जेवताना ती घास गालात धरून ठेवायची. चावायचीच नाही, मी पाणी पाजून तो उतरवायचे आणि पुढचा भरवायचे. म्हणजे ती जेवत नव्हती, आम्ही तिला भरत होतो, आणि पोट भरलंय का हे तिला कळायला वावच नव्हता. तुमच्या मुलाच्या गालात घास राहत असेल, किंवा नुसतं ताट बघून ते मोबाईल मागत असेल तर समजा की ताट आणि मोबाईलची गाठ पडलेली आहे, आणि ती सोडवल्याशिवाय बाकीचं काही होणार नाही.

आणि अजून एक, आम्ही तिचं रात्रीचं जेवण सव्वानऊवरून आठवर आणलं. अर्धं काम त्यानेच झालं असं माझं मत आहे. सव्वानऊला ती झोपेने पेंगत असायची, झोपाळू पोराला जेववायला मोबाईल लागणारच. आम्ही मोठे सगळे साडेनऊला जेवतो म्हणून तीही तेव्हाच जेवत होती, त्यात दुसरं काही कारणच नव्हतं. आता आठला तिच्याबरोबर सासरे बसतात, तेही थोडं खातात, बाकीचे नंतर.

(ज्या मुलांचं वजन खरंच घसरतंय, ज्यांना गिळताना त्रास होतो, ठसका लागतो किंवा दोन-तीनच पदार्थ चालतात त्यांच्यावर हा प्रयोग घरच्या घरी करू नका. आधी डॉक्टर.)

ताटावरची १०५ मिनिटं गेली, अंथरुणातली दोन्ही पंधरा पण हळूहळू गेली, आणि उरली संध्याकाळची ४५. ती मी ठेवली. मुद्दाम ठेवली. एक तास द्यायचाच आहे तर तो जिथे घराला सगळ्यात जास्त गरज आहे तिथे खर्च करायचा, आणि आमच्या घरात ती वेळ म्हणजे सात ते पावणेआठ, कुकर, पोळ्या आणि मोठ्याचा अभ्यास एकदम चाललेला असतो तेव्हा. सगळीकडे लिहिलेलं असतं की मुलाबरोबर बसून बघा. बरोबरच आहे, पण पोळ्या लाटताना बसून कसं बघणार. म्हणून आम्ही काय केलं की मोबाईल बंद आणि टीव्हीवर, हॉलमधल्या एकाच जागी. तिथलं मला स्वयंपाकघरात ऐकू येतं आणि सासरे शेजारी असतात, आणि जेवताना मी विचारते की त्या कोल्ह्याने मग काय केलं. टीव्हीचा मोठा फायदा म्हणजे तो उचलून ताटापाशी नेता येत नाही, रिक्षात नेता येत नाही, बाथरूममध्ये नेता येत नाही.

पण बंद करताना रोज तमाशा. मी वाचलं होतं की मुलाला आधी सूचना द्यावी, म्हणून मी स्वयंपाकघरातून ओरडायचे दोन मिनिटं राहिली हं, आणि ती त्या क्षणापासूनच रडायला लागायची. मला वाटायचं आपलंच पोर हट्टी. मग कळलं की अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली एक ते पाच वर्षांची मुलं असलेल्या घरांमध्ये हेच बघितलं होतं, पालकांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या, आणि निघालं असं की दोन मिनिटांची सूचना दिल्यावर मुलं जास्त चिडतात. सोपं तेव्हा जातं जेव्हा गोष्ट आपोआप संपते, किंवा ती रोजच्या ठरलेल्या क्रमाचा भाग असते. विचार केला तर साधं आहे. दोन मिनिटांची सूचना म्हणजे तिच्या दृष्टीने आईने ओढून घ्यायची धमकी, आणि आईशी भांडता येतं. संपलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही.

मग नवऱ्याने एक पेन ड्राईव्ह केला. त्यात रोज फक्त दोन फाईल, प्रत्येकी वीसेक मिनिटांच्या दोन गोष्टी, रविवारी बसून आठवड्याच्या ठरवायच्या. तो टीव्हीला लावायचा, दुसरी गोष्ट संपली की पडदा रिकामा होतो, पुढे काही नाहीच. पहिले दोन दिवस अजून अजून केलं, मी तिला पेन ड्राईव्ह काढून हातात दिला, "बघ, संपलं." तिसऱ्या दिवसापासून ती स्वतः तो काढून डब्यात ठेवायला लागली. त्यानंतर लगेच हात धुणं आणि ताटं घेणं, रोज त्याच क्रमाने, मध्ये मोकळा वेळ नाही. सूचनेत सांगितलंय एका वेळी अर्धा तास, आमची बैठक चाळीस मिनिटांची होते. म्हणून पहिल्या गोष्टीनंतर ती उठून आजोबांना पाणी आणून देते आणि मग दुसरी लागते.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान यूट्यूबमधलं ऑटोप्ले बंद करा, आणि यूट्यूब किड्समध्ये कुलपाच्या चिन्हावर जाऊन टायमर लावा, वेळ झाली की अ‍ॅप स्वतःच बंद होतं. रील आणि शॉर्ट्स मात्र लहान मुलाला देऊच नका, ते चांगले की वाईट हा मुद्दाच नाही, त्यांना शेवट नाही. ज्याला शेवट नाही ते वेळेत कसं संपणार.

आता सगळ्यात नाजूक भाग. सासूबाईंच्या मालिका. संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही चालू असायचा आणि धाकटी तिथेच जमिनीवर खेळत असायची, आम्ही धरतच नव्हतो कारण ती टीव्हीकडे बघत नव्हती. पण २००८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झालाय, एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन तासभर सोडलं, अर्धा तास मोठ्यांचा एक प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चालू आणि अर्धा तास टीव्ही बंद. मुलं टीव्हीकडे अगदी थोडा वेळच बघत होती, तरी टीव्ही चालू असताना त्यांचं खेळणं तुकड्यांचं झालं, लक्ष देऊन खेळण्याचा वेळ घटला. मोठी माणसं पण टीव्ही चालू असताना मुलांशी कमी बोलतात, हेही तशाच प्रयोगांत दिसलंय.

पण हे त्यांना सांगायचं कसं. दिवसभर त्या माझं घर सांभाळतात, माझ्या पोरीला बालवाडीतून आणतात, आणि मी त्यांना सांगणार की तुमची एकमेव करमणूक बंद करा? मी ते केलं नाही आणि करणारही नाही. आम्ही दोघी बसलो आणि यादी केली, कुठल्या मालिका खरंच बघायच्या असतात आणि कुठल्या नुसत्या चालू असतात. खऱ्या दोन निघाल्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागते, धाकटी झोपलेली असते तेव्हा, ती त्या तेव्हा बघायला लागल्या. दुसरी रात्री नऊनंतर, धाकटी झोपल्यावर. सासरे सकाळी बातम्या लावून पेपर वाचायचे, ते बंद करायला तर त्यांना एका वाक्यात पटलं. सासूबाईच मला पंधरा दिवसांनी म्हणाल्या, "अगं, आज पाऊण तास भातुकली मांडून बसली होती, एकदा उठली नाही." मी कॅलेंडरवर तेही लिहून ठेवलंय.

या सगळ्यात मे महिन्यात बहीण बंगळुरूहून आली, तिचं बाळ तेव्हा दहा महिन्यांचं. ती नियमांनी घाबरलेली होती, रोज संध्याकाळी आमच्या आईशी व्हिडिओ कॉल होतो तो पण बंद करू का म्हणाली. मी म्हटलं अजिबात नको. दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको म्हणतात कारण ते पडद्यावरून जवळजवळ काही शिकत नाही, समोरच्या माणसाकडून शिकतं, आणि पडद्याचा वेळ त्या माणसाच्या वेळातून कापला जातो. पण कॉलवरची आजी उत्तर देते. बाळाने टाळी वाजवली की ती वाजवते, त्याने आवाज केला की ती हसते. २०१४ साली अमेरिकेत दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवीन क्रियापदं शिकवून बघितली, काहींना समोरासमोर, काहींना व्हिडिओ कॉलवर आणि काहींना रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून. पहिल्या दोन गटांतली मुलं शिकली, तिसऱ्यातली नाही. म्हणून कॉल ठेव, फक्त तू पण त्याला मांडीवर घेऊन बस, फोन त्याच्या हातात देऊन निघून जाऊ नकोस. बालगीतांचे व्हिडिओ मात्र नकोत, गाणी तू म्हण.

तिच्याच निमित्ताने एक गोष्ट लिहायची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या बागेत एक आई भेटते, मुलगा सव्वादोन वर्षांचा, अजून एकही शब्द नाही. तिला घरच्यांनी सांगितलंय मोबाईलमुळे झालंय, मोबाईल बंद केला की बोलेल, सहा महिने थांब. व्हर्च्युअल ऑटिझम असा शब्दही तिला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तसा कुठला मान्य आजार नाही, निदानाच्या कुठल्याही अधिकृत यादीत तो सापडणार नाही. मोबाईल बंद करावाच, त्याने बोलायला जागा मिळते. पण वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही एक शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर मोबाईल बंद करून वाट बघत बसायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं आणि कानाची तपासणी करायची. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच वर्ष गेलं आणि नंतर कळलं की मुलाला नीट ऐकूच येत नव्हतं.

मोठा नऊ वर्षांचा. त्याचा प्रश्न वेगळा, त्याला मी लाल पेनने नाही, निळ्याने लिहिते आणि तो आकडा तो स्वतः भरतो. त्याचे दोन तासांच्या आत बसवणं एरवी अवघड नाही. शाळेच्या ग्रुपवर होमवर्क पीडीएफमध्ये येतो, आम्ही प्रिंट काढून देतो, नाहीतर होमवर्कसाठी घेतलेला मोबाईल होमवर्कनंतरही हातात राहतो. अवघड गेलं ते एप्रिल-मेमध्ये, आयपीएलला. साडेसातला मॅच सुरू, अकराच्या पुढे संपणार. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, शाळा असेल तेव्हा त्याला साडेसहाला उठायचं असतं, म्हणजे साडेनऊला डोळे मिटले तर कसेबसे नऊ तास. साडेसात ते सव्वानऊ पहिली इनिंग, पावणेदोन तास, दोन तासांत बसते. म्हणून ठरलं की ज्या दिवशी पहिली इनिंग बघायची त्या दिवशी बाकी काहीच नाही, आणि ती आठवड्यातून दोनदाच, दिवस त्याने निवडायचे. पहिली इनिंग संपते तिथे थांबणं पण सोपं, कारण मॅचच तिथे थांबते. निकाल सकाळी पेपरात. फायनलला आम्ही सगळे जागलो, तो चौकोन निळाच निळा आहे.

त्याच्या बाबतीत माझी खरी काळजी डोळ्यांची आहे. चष्म्याचा नंबर एका वर्षात पाऊणवरून सव्वावर गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाईलबद्दल विचारलंच, पण त्याहून जास्त वेळ त्यांनी एका गोष्टीवर बोलण्यात घालवला, की हा उजेडात बाहेर किती असतो. लहान वयात दिवसाच्या उजेडात रोज दोनेक तास असेल तर मायोपिया म्हणजे लांबचं अंधुक दिसण्याचा नंबर लागण्याची शक्यता कमी होते, तैवानमध्ये २०१० पासून शाळाच मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढतात. लागलेला नंबर त्याने उतरत नाही हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही फक्त स्क्रीन कमी केला होता आणि त्या जागी तो खोलीत बसून गोष्टींची पुस्तकं वाचत होता, मला तर आनंदच झाला होता, पण डोळ्यांच्या हिशोबात जवळचं ते जवळचंच. आता साडेपाचला खाली मैदानात, अंधार पडेपर्यंत, चष्मा घालून.

जाऊबाईंचा मुलगा चौदाचा आहे. त्या मला आकडा विचारतात, आणि त्या वयाला आकडा नाही. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये तर कुठल्याच वयाला आकडा द्यायला नकार दिला आणि घराला चार प्रश्न विचारायला सांगितले: स्क्रीन टाईम आटोक्यात आहे का, घरात एकत्र जे करायचं असतं त्याच्या तो आड येतो का, झोपेच्या आड येतो का, आणि बघता बघता अरबट-चरबट खाणं हाताबाहेर जातं का. चौदा वर्षांच्या मुलाला हे चार प्रश्न समोर बसून विचारता येतात, आणि जाऊबाईंनी विचारले. झोपेच्या प्रश्नावर तो स्वतःच गप्प झाला. आता त्यांच्याकडे रात्री दहाला सगळ्यांचे फोन हॉलमधल्या एका बोर्डाला चार्जिंगला लागतात, आईवडिलांचे धरून, आणि गजरासाठी एक साधं घड्याळ आणलंय.

आमचं सगळं सुरळीत असतं असं नाही. जुलैमध्ये धाकटीला ताप आला तेव्हा पाच दिवस दोन-अडीच तास होत होते, मी लिहित राहिले. बरी झाल्यावर सोमवारी पेन ड्राईव्ह परत दोन फाईलवर, एक दिवस रडली, मंगळवारी नाही. आजारपण, प्रवास, लग्नघर यात वाढतं, वाढू दे, पण परत यायचा दिवस आधीच ठरवलेला असावा. गणपतीत घरी पाहुणे, पाच जणांच्या हातात पाच मोबाईल, तिने कुणाच्या मांडीवर बसून किती बघितलं देव जाणे, त्या चौकोनात मी प्रश्नचिन्ह काढलंय. मोबाईल बक्षीस म्हणून कधी द्यायचा नाही हा आमचा अजून एक नियम, भाजी संपव मग मोबाईल असं म्हटलं की भाजी शिक्षा होते. तो नवऱ्याकडून अजूनही मोडतो आणि आमचं त्यावरून अजूनही वाजतं.

डिसेंबरमध्ये नवीन कॅलेंडर आलं तेव्हा बहिणीचा फोन आला, बाळ दीड वर्षाचं होत आलंय, जुन्या कॅलेंडरचे फोटो काढून पाठव. मी फेब्रुवारीचं पान काढलं. १८०, १९५, १६०, लाल पेन. मग ऑक्टोबरचं, ४०, ४०, ५५, ४०. नोव्हेंबरमध्ये मी लिहायचं विसरले होते. पूर्ण महिनाभर चौकोनांत फक्त दूध होतं, दीड लिटर, एक लिटर, भाऊबीजेला अडीच.